गुरुवारी रात्री पोट दुखतं, रविवारी नाही: पाढ्यांची भीती बसते कशी?

घोडबंदर_आई
लेक चौथीत आहे, ठाण्यातल्याच एका सेमी इंग्रजी शाळेत. दर शुक्रवारी तिसऱ्या तासाला तोंडी पाढे असतात. बाई मोबाईलवर वेळ लावून एकेकाला उभं करतात. वेळ संपली की मोबाईल वाजतो. तोवर पाढा पुरा झाला नाही तर खाली बसायचं, आणि बसताना मुलं हसतात.

सप्टेंबरपासून तिचं गुरुवारी रात्री पोट दुखतं. शुक्रवारी सकाळी मळमळतं, हात गार पडतात. दोन-तीनदा घरी ठेवलं, तर अकरा वाजेपर्यंत ठणठणीत होऊन पोहे मागून खाल्ले. दिवाळीच्या सुट्टीत पोट एकदाही दुखलं नाही. वाटलं, गेलं एकदाचं. शाळा उघडली आणि पहिल्याच गुरुवारी पुन्हा सुरू.

घरात दोन मतं आहेत. मुलीचे बाबा म्हणतात नाटक आहे. मला तसं वाटत नाही, गार हातांचं नाटक करता येत नाही. आणि गणिताचा कंटाळा म्हणावा, तर भाजीवाल्याकडे उरलेले पैसे तीच मोजून घेते.

कॉलेजात मानसशास्त्राला क्लासिकल कंडिशनिंग होतं, दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की मनात जोडल्या जातात ते, तेवढ्यावर वाटतंय की हे तेच असावं. भीती अशी जोडली जाते का? जात असेल, तर त्याच रीतीने विषयाची गोडीही लावता येते का? आणि सगळ्यात आधी, शुक्रवारी तिला शाळेत पाठवू की नको?

पाचपाखाडी
ताई, आमच्याकडे वैदिक गणिताचा चांगला क्लास आहे, चौथीची बॅच शनिवारी असते. पत्ता पाठवू का?

घोडबंदर_आई
@पाचपाखाडी धन्यवाद, पण पाढे तिला येतात. उभं राहिल्यावर येत नाहीत.

कळवा_खाडी
आधी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. मी रुग्णालयात नर्स आहे. झोपेतून जागं करणारं दुखणं, वजन उतरणं, ताप, शौचातून रक्त यातलं काही असेल तर ते पाढ्यांवर ढकलू नका. वारानुसार येणारं आणि सुट्टीत गायब होणारं दुखणं बहुतेक वेळा ताणाचंच निघतं, तरी तपासणी करून घेतलेली बरी.

कोपरखैरणेकर
पावलोवच्या प्रयोगातला कुत्रा. घंटा वाजली की अन्न यायचं, मग नुसत्या घंटेनेच लाळ सुटायला लागली. तुमच्याकडे घंटेच्या जागी शुक्रवार आहे. उपायही पावलोवनेच सांगून ठेवलाय: घंटा वाजवत राहायचं आणि अन्न द्यायचं नाही, म्हणजे काही दिवसांत लाळ बंद. तेव्हा दर शुक्रवारी पाठवा, रडली तरी पाठवा. महिनाभरात सवय होईल. आम्ही सगळे असेच शिकलो.

तलावपाळी
आमच्या वेळी उलटं होतं. पाढे चुकले की सर डबा खायला उशिरा सोडायचे. आजही सतराचा पाढा ऐकला की मला भूक लागते :)

समुपदेशक_वाशी
नवी मुंबईत शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. जरा लांबण लागेल.

@कोपरखैरणेकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. घंटा वाजवत राहायची, पण अन्न द्यायचं नाही, हे तुम्हीच लिहिलंत. आता शुक्रवारी वर्गात काय होतं ते बघा. ती उभी राहते, वेळ सुरू होते, ती अडकते, वर्ग हसतो. म्हणजे घंटाही वाजते आणि मागून अन्नही येतंच. अशा शुक्रवारी रडत पाठवलं तर सवय मोडत नाही, जोडणी आणखी पक्की होते. वाईट गोष्ट घडायची थांबली असेल, तरच पाठवण्याने भीती उतरते.

घरी ठेवण्याचा त्रास वेगळाच आहे. घरी राहिल्यावर पोट थांबतं आणि त्या सुटकेची चव लागते. शरीर शिकतं की शुक्रवारातून सुटायचं असेल तर गुरुवारीच दुखायला हवं. ती हे ठरवून करत नाही, म्हणून हे नाटक नव्हे. शिवाय घरी बसल्यामुळे, शुक्रवार आला आणि काहीच वाईट झालं नाही, असा अनुभव यायला जागाच उरत नाही. भीती आहे तिथेच राहते.

तुमची दिवाळीही यातच बसते. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये लहान मुलांच्या भीतीवर बरेच उपाय करून पाहिले होते. भीतीच्या वस्तूपासून मुलाला काही आठवडे लांब ठेवायचं आणि भीती आपोआप विरेल अशी वाट बघायची, हा त्यातला एक. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. समजावून सांगण्याचा झाला नाही, आणि इतर मुलांनी चिडवण्याचा तर नाहीच नाही. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा: भीतीच्या वस्तूसोबत मुलाला आवडणारं काहीतरी हळूहळू जोडणं, आणि न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवणं.

पण हे सगळं करण्याआधी एक काम आहे. ती नेमकी कशाला घाबरते ते अजून आपल्याला माहीत नाही. शुक्रवार, गणित, बाई, उभं राहणं, मोबाईल, हसणं, हे सगळं एकाच वेळी घडतं. घरी एकच पाढा घ्या, तिला चांगला येणारा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आधी बसून लिहायला सांगा. मग बसून म्हणायला, मग उभं राहून. सगळ्यात शेवटी समोर मोबाईल ठेवून. उत्तरापेक्षा तिच्या खांद्यांकडे आणि हातांकडे लक्ष ठेवा. शिकवू नका, चूक दुरुस्त करू नका, दिवसाला एकच बदल.

कोपरखैरणेकर
@समुपदेशक_वाशी वर्गातलं हसणं थांबवणं आपल्या हातात कुठे असतं? जगात हसतातच.

जुन्या_बाई
@कोपरखैरणेकर वर्गात ते बाईंच्या हातात असतं. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म काढलाय, म्हणून ठामपणे सांगते. पाढ्याला वेळ लावायची ती पाढा जिभेवर बसावा म्हणून. चौथीत भागाकार आला की प्रत्येक पायरीला पाढा लागतो. तो आठवण्यातच दमलेलं मूल भागाकार शिकू शकत नाही. तेव्हा वेळ लावण्यामागे दुष्टपणा नसतो. पण एकाला उभं करून बाकीच्या चाळिसांना प्रेक्षक करायचं, हे मला कधीच पटलं नाही. मी जोड्या लावायचे, एक म्हणणार आणि एक ऐकणार. सगळा वर्ग एकदम बोलतो, गलका होतो, कोण चुकलं ते फक्त जोडीदाराला कळतं.

बाबा_ऐरोली
मला हे सगळं कंडिशनिंगवर घालणं धोक्याचं वाटतं. आमच्या मुलाचं असंच होतं. सगळे म्हणत होते, गणिताची भीती बसलीय. भीती काढायला खेळ आणले, बक्षिसं दिली. दुसऱ्या एका शिक्षिकेने त्याला 305 लिहायला सांगितलं, त्याने 3005 लिहिलं. त्याला स्थानिक किंमतच कळली नव्हती. भीती बरोबर होती, त्याला खरंच येत नव्हतं. पाया भरून काढला आणि भीतीसाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

समुपदेशक_वाशी
@बाबा_ऐरोली हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि असं पुष्कळदा होतं. न येण्यातून भीती, की भीतीमुळे न येणं, हे बाहेरून सारखंच दिसतं. भीतीची भर दोन्हीकडे पडते, कारण काळजीने डोकं भरलं की हातचा लक्षात ठेवायला जागा उरत नाही. फरक ओळखायची एक खूण आहे. निवांत वेळी, कुणी बघत नसताना, कागदावर येतं का? तुमच्या मुलाला तेव्हाही आलं नसतं. ताईंच्या मुलीचं काय होतं ते कळेलच.

लोकलप्रवासी
आवडीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून माझं सांगतो. लहानपणी आजोबांसोबत ठाण्याहून वाशीला आत्याकडे जायचो, तेव्हा ट्रान्सहार्बर लाईन नवीन होती. खिडकीतून ते दाखवायचे: हा पारसिकचा डोंगर, ही खाडी, इथे पूर्वी मिठागरं होती. हातात खारे शेंगदाणे. शाळेत भूगोलाचं पुस्तक उघडलं की मला तेच बरं वाटायचं, अगदी युरोपच्या नकाशावरही. पुढे भूगोलातच पदवी घेतली. हे कंडिशनिंग की नुसती आठवण?

तलावपाळी
शेंगदाण्यांनी भूगोल आणि उपाशीपोटी सतराचा पाढा. डबा फार मोठी गोष्ट आहे.

जुन्या_बाई
आता पाढे म्हणजे नुसते पाढे तरी कुठे राहिलेत. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक म्हणायचं आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला ते वावगं वाटलं नव्हतं. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत गडबडणारी पोरं मी वर्षानुवर्षं पाहिलीत.

पाचपाखाडी
अजिबात पटत नाही. आमची आजी शाळेत न जाता पावकी-निमकी म्हणायची.

बाबा_ऐरोली
यावर वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

घोडबंदर_आई
बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांना काही आढळलं नाही. समुपदेशक ताईंनी सांगितलं तसं घरी करून पाहिलं. सातचा पाढा घेतला.

बसून लिहिला, सरळ. बसून म्हटला, गुणगुणत. उभं राहून म्हणताना जरा झुलत होती, पण म्हटला. चौथ्या दिवशी मोबाईल समोर ठेवला आणि वेळ लावली, भरपूर लावली. सात सक बेचाळीसला थांबली. फ्रॉकची किनार मुठीत धरली, म्हणाली पाणी प्यायचंय. अजून निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता.

संध्याकाळी आणखी एक लक्षात आलं. कुकर लावून मी मोबाईलवर वेळ लावते. तो वाजला तेव्हा ती हॉलमध्ये चित्र काढत होती. तिने झटकन मान वर केली. हे मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

समुपदेशक_वाशी
फार चांगलं निरीक्षण केलंत. तिला गणिताची भीती नाही, पाढ्यांचीही नाही. उलटी चालणारी वेळ आणि तिच्या शेवटी येणारा आवाज, यांची आहे. उभं राहणं थोडंसं त्यात मिसळलंय. आवाज कुकरपर्यंत पोचलाय, कारण अशी भीती सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या गोष्टींवर पसरते.

भीतीने नेमकी हीच खूण का धरली, तेही सांगते. 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवर प्रयोग केला. दोन गटांना आवाजासोबत सारखेच झटके दिले, पण एका गटाला आवाज नसतानाही तितक्याच प्रमाणात झटके दिले. त्या गटाला आवाजाची भीती जवळजवळ बसलीच नाही. कारण आवाजावरून त्यांना पुढचं काहीच कळत नव्हतं. म्हणजे दोन गोष्टी नुसत्या एकत्र घडून भागत नाही, पहिलीवरून दुसरी ओळखता यायला हवी. तुमच्या मुलीच्या वर्गात मोबाईल निघाला की हसणं येण्याची शक्यता असते, आणि मोबाईल नसेल तर गणिताचा तास बरा जातो. तिच्या शरीराने खूण अचूक हेरलीय.

कळवा_खाडी
मग माझ्या भाच्याला शाळेचीच भीती आहे, कुठल्याच एका तासाची नाही, ते का?

समुपदेशक_वाशी
@कळवा_खाडी त्याला न बघता सांगणं बरोबर नाही. पण ओरडा कधी, कुणाचा, कशावरून येईल हे मुलाला ओळखताच येत नसेल, तर भीतीला धरायला एक खूण मिळत नाही आणि ती सगळ्या वर्गाला चिकटते. कुणी मुलं त्रास देतात का, व्हॅनमध्ये काही होतं का, हेही विचारा.

@घोडबंदर_आई, आता पुढचं. जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा जवळपास तीन वर्षांचा मुलगा होता, सशाला घाबरणारा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचे, त्याचं खाणं थांबणार नाही इतका लांब. मग दिवसागणिक जवळ आणायचे. शेवटी ससा मांडीवर घेऊन तो खेळला. यात त्यांनी एक धोका लिहून ठेवलाय: घाई केली तर उलटं होईल, सशाची भीती जायच्या ऐवजी खाण्याचीच भीती बसेल. म्हणून समोर आवडीचं काही ठेवून लगेच पूर्ण वेळ लावून पाढा म्हणवून घेऊ नका.

सुरुवात तिला झोपेतही येणाऱ्या दोनच्या आणि पाचच्या पाढ्यापासून करा. मोबाईल टेबलावर, पण पालथा आणि बंद. ती सैल बसलेली दिसली की पुढच्या वेळी वेळ चालू, आवाज बंद. मग आवाज चालू, पण तिचा पाढा केव्हाच संपलेला असेल इतकी जास्त वेळ. तो वाजला की लगेच तिच्या आवडीचं काहीतरी सुरू करा, चित्रं, गोष्ट, काहीही. आवाज आधी, आवडीचं नंतर, हा क्रम सोडू नका. त्यानंतर उभं राहणं, आणि सातचा पाढा सगळ्यात शेवटी. रोज दहा मिनिटं पुरेत. किनार मुठीत आली की त्याच क्षणी एक पायरी खाली या आणि सोप्यावर थांबा.

हे चालू असताना शुक्रवारी शाळेत पाठवायचं, पण बाईंशी बोलून. तिचे पाढे काही आठवडे मधल्या सुट्टीत, वेळ न लावता, एखाद्या मैत्रिणीसोबत ऐकता येतील का, एवढंच विचारा.

कोपरखैरणेकर
ठीक, बाईंनी ऐकलं तर पाठवण्याला अर्थ आहे, हे मान्य. पण चित्रं, गोष्ट, म्हणजे लाच झाली ना?

जुन्या_बाई
लाच काम झाल्यावर देतात, कामासाठी. इथे पाढा बरोबर आला की चुकला, याचा चित्रांशी संबंधच नाही. चुकला तरी चित्रं सुरू होणारच.

समुपदेशक_वाशी
बाईंनी माझ्यापेक्षा सोपं सांगितलं.

@लोकलप्रवासी, तुमचं राहिलं होतं. आजोबा, शेंगदाणे आणि खिडकी यांच्यासोबत नकाशा पुन्हा पुन्हा आला म्हणून नकाशा बघून बरं वाटायला लागलं, इथपर्यंत ती जोडणीच आहे. पण नुसत्या जोडणीने आलेली आवड नाजूक असते. बाई आवडतात म्हणून आवडणारा विषय बाई बदलल्या की नावडता होतो, हे शाळेत दरवर्षी दिसतं. तुम्हाला भूगोल हळूहळू समजायला लागला, डोंगर बघून तुम्ही स्वतः काही ओळखू लागलात, त्याने ती आवड टिकली असावी.

लोकलप्रवासी
पटतंय. आजोबा गेल्यावरही भूगोल आवडतच राहिला. पण मग ताईंच्या गोडी लावण्याच्या प्रश्नाचं उत्तर काय? नुसत्या जोडणीने नाही लागत?

बाबा_ऐरोली
माझं तेच म्हणणं आहे. दार उघडतं फक्त, आत शिरल्यावर यायला लागतं.

समुपदेशक_वाशी
दार बंद असेल तर यायची संधीच मिळत नाही, एवढी भर घालते. दोघांतलं किती कशाचं, हे मुलागणिक बदलतं.

घोडबंदर_आई
थोडं सांगायला आले. बाईंना भेटले. सुरुवातीला त्या जरा दुखावल्या, म्हणाल्या बाकी कुणाची तक्रार नाही. मी तक्रार करायला आले नाही, तिचं काय होतं ते सांगायला आलेय, असं म्हटल्यावर ऐकून घेतलं. मधल्या सुट्टीत ऐकायला तयार झाल्या. पूर्ण वर्गासाठी जोड्या लावायची जुन्या बाईंची कल्पना सांगितली, ती त्यांना गलक्यामुळे पटली नाही.

घरी आवाजाच्या पायरीपर्यंत आलोय. कुकरला मान वर होते, पण चित्र काढणं थांबत नाही. गुरुवारचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. मागच्या आठवड्यात वर्गात दुसऱ्याच एका मुलावर सगळे हसले आणि त्या रात्री हिचं पुन्हा दुखलं. सगळं वाया गेलं का?

समुपदेशक_वाशी
नाही. पीटरचंही असंच झालं होतं. प्रगती चांगली चालू असताना तो आजारी पडला, काही आठवडे रुग्णालयात होता. बाहेर पडताना एक मोठा कुत्रा अंगावर धावला, आणि सशाची भीती जवळजवळ पहिल्याइतकी परत आली. तिथून पुन्हा सुरू करून त्याला बरं केलं. भीती उतरते तेव्हा जुनी जोडणी पुसली जात नाही. तिच्यावर नवी बसते, आणि जुनी खाली शिल्लक असते. लाळ थांबलेला कुत्रा काही काळ तसाच सोडला की पुन्हा थोडी लाळ गाळतो, हे खुद्द पावलोवनेच पाहिलं होतं. दोन पायऱ्या खाली या आणि पुन्हा चढा.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर असंच होऊ शकतं, आणि पाचवीत बाई आणि वर्ग बदलला की तर हमखास तपासायला हवं. नवी जोडणी जिथे बसली त्या जागेला आणि माणसांना धरून राहते. म्हणून सराव एकाच खोलीत, एकट्या तुमच्याचसमोर ठेवू नका. आजीसमोर, शेजारच्या काकूंसमोर, येऊरला फिरायला गेलात तर तिथे, वेगवेगळ्या मोबाईलवर, वेगवेगळ्या आवाजांत करा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचा आठवडा त्यासाठी राखून ठेवा.

कोपरखैरणेकर
एक शंका अजून आहे. बाईंनी तिला वेळेतून वगळलं, पण पुढे स्कॉलरशिपच्या परीक्षेला घड्याळ असणारच. तेव्हा काय करणार?

समुपदेशक_वाशी
म्हणूनच घड्याळ काढून टाकायचं नाही, पायऱ्यांमध्ये ठेवायचं. मधल्या सुट्टीतली सवलत काही आठवड्यांचीच. ती मैत्रिणीसोबत निवांत म्हणू लागली की बाईंनी मोबाईल शेजारी ठेवायचा, आधी बंद, मग चालू.

घोडबंदर_आई
बाईंचा मोबाईल वाजतो कसा, ते तिला विचारलं. तिने तोंडाने वाजवून दाखवला. तोच आवाज माझ्या मोबाईलवर सापडला. उद्यापासून तो लावू, की अजून आमचाच राहू दे?

समुपदेशक_वाशी
आठवडाभर तुमचाच. मग तो, अगदी हळू, आणि दोनच्या पाढ्याला.